काखेतला पहारेकरी: मावशीचे तीन नोड आणि न झालेलं मोठं ऑपरेशन

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांनी लोकलमध्ये ऐकला आणि निम्मा गोंगाटात गेला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना होणारं माझं "अं... म्हणजे..." काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. पण गेल्या वर्षी मावशीच्या निमित्ताने मला एक ऑपरेशन अगदी मुळापासून समजून घ्यावं लागलं. ते असं होतं की आधी पटेना, आणि कळल्यावर वाटलं की हे सगळ्यांना माहीत पाहिजे. मावशीची परवानगी घेऊनच बोलतोय. ती म्हणाली, "सांग रे, माझं नाव नको घेऊ फक्त."

[००:५०] आजीची बाही

माझी आजी, म्हणजे आईची आई. मी शाळेत होतो तेव्हा तिला उजव्या बाजूला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, ती वाचली, पुढे बरीच वर्षं जगली. पण ऑपरेशननंतर साधारण दीड वर्षाने तिचा उजवा हात सुजायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग दंडापर्यंत. बांगड्या कापून काढाव्या लागल्या, त्या हातात पुन्हा कधी चढल्या नाहीत. माझी मावशी शिवणकाम करते. ती आजीचे ब्लाऊज शिवायची तेव्हा उजवी बाही डावीपेक्षा दोन इंच मोठी ठेवायची. सगळ्या ब्लाऊजना. अगदी शेवटच्यापर्यंत.

गेल्या वर्षी त्याच मावशीला डाव्या स्तनात गाठ लागली. वय चौपन्न. सुई घालून तपासलं, कॅन्सर निघाला. गाठ १.८ सेंटिमीटर, हार्मोनवर वाढणाऱ्या प्रकारची. घरी सगळे घाबरले होते, पण मावशीने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो जगण्या-मरण्याचा नव्हता. ती म्हणाली, "मॅडम, काख साफ करणार का? तसं असेल तर मला विचार करावा लागेल. माझं पोट हातावर आहे."

सर्जन मॅडम म्हणाल्या, "बहुतेक नाही लागणार. आधी पहारेकऱ्याला विचारू."

हा पहारेकरी म्हणजे सेंटिनल लिम्फ नोड. आजचा एपिसोड त्याच्यावर.

[०२:३०] जांघेतलं अवधाण आठवतंय?

गावाकडे तुम्ही हे नक्की पाहिलं असेल. पायात काटा घुसतो, जखम चिघळते आणि दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते. म्हातारी माणसं लगेच म्हणतात, "अवधाण आलंय, पायाला काय लागलंय ते बघ." जांघ दुखते, आणि ते बघायला सांगतात पाय! याचा अर्थ पायाचं "पाणी" जांघेत जातं हे त्यांना माहीत होतं.

ते पाणी म्हणजे लसिका, लिम्फ. रक्तवाहिन्यांमधून थोडं पातळ द्रव सतत बाहेर पाझरत असतं. ते गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या शरीरभर असतात. त्यांना झडपा असतात, त्यामुळे प्रवाह एकाच दिशेने चालतो. वाटेत गाळण्या असतात, घेवड्याच्या दाण्यासारख्या. त्या म्हणजे लसिका ग्रंथी, लिम्फ नोड. मराठीत आपण कॅन्सरच्या गाठीलाही गाठ म्हणतो आणि या ग्रंथींनाही गाठ म्हणतो, त्याने फार गोंधळ होतो. म्हणून आज कॅन्सरची ती "गाठ" आणि काखेतले ते "नोड", एवढं पक्कं ठेवू.

पायाचं पाणी जांघेत, तसं स्तनाचं बहुतेक पाणी त्या बाजूच्या काखेत. काखेत साधारण वीस ते तीस नोड असतात, माणसागणिक कमी-जास्त. कॅन्सरच्या पेशी गाठीतून सुटून लसिकेत शिरल्या तर वाहत वाहत काखेत येतात आणि नोडमध्ये अडकतात. म्हणून नोडमध्ये कॅन्सर आहे की नाही, यावर पुढचे उपचार ठरतात.

पूर्वी हे कळून घ्यायचा खात्रीचा मार्ग एकच होता. काखेतली नोड असलेली सगळी चरबी काढायची आणि पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायची. याला म्हणतात ॲक्झिलरी क्लिअरन्स, आपल्या बोलीत "काख साफ करणं". आजीचं हेच झालं होतं.

अडचण अशी की हाताचं पाणीसुद्धा त्याच काखेतून जातं. नोड काढले, नळ्या तुटल्या, की हाताच्या पाण्याला वाट उरत नाही. ते साचतं, हात सुजतो. याला लिम्फेडीमा म्हणतात. तो ऑपरेशननंतर काही महिन्यांनी येऊ शकतो, काही वर्षांनीही. एकदा आला की आटोक्यात ठेवता येतो, पण पूर्ण जाणं अवघड. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर काख साफ केलेल्या पाचपैकी साधारण एका बाईला तो होतो.

आणि चटका लावणारी गोष्ट ही, की आजीच्या जुन्या फाइलमध्ये रिपोर्ट सापडला. सतरा नोड काढले होते. सतराच्या सतरा स्वच्छ. कॅन्सर एकातही नव्हता. म्हणजे तिचा हात गेला तो "काही नाही" एवढं कळण्यासाठी. यात कुणाची चूक नव्हती. तिला ज्या ठिकाणी नेलं होतं, तिथे तेव्हा दुसरी पद्धतच नव्हती.

[०६:१०] रांगेतला पहिला

आता कल्पना काय आहे बघा. स्तनाचं पाणी एकदम वीस-तीस नोडमध्ये पसरत नाही. ते आधी एका-दोन नोडमध्ये येतं, तिथून पुढच्या नोडमध्ये, तिथून आणखी पुढे. टोल नाक्यासारखं. एक्स्प्रेसवेने पुण्याला येणारी गाडी पहिला नाका ओलांडल्याशिवाय पुढच्या नाक्यावर दिसणार नाही. मग पहिल्याच नाक्याचं रजिस्टर तपासलं आणि त्यात ती गाडी नसेल, तर पुढचे सगळे नाके उघडून बघायची गरज काय?

हा पहिला नाका म्हणजे सेंटिनल नोड. काखेतला ठरावीक जागेवरचा ठरावीक नोड असं ते नसतं. या बाईच्या या गाठीचं पाणी सगळ्यात आधी ज्या नोडमध्ये येतं, तो. एकीचा इथे असेल, दुसरीचा दोन सेंटिमीटर वर. म्हणून तो प्रत्येक वेळी नव्याने शोधावा लागतो.

१९७७ मध्ये रामोन काबान्यास या सर्जनने लिंगाच्या कॅन्सरमध्ये अशा पहिल्या नोडची कल्पना मांडली. १९९२ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड मॉर्टन यांनी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये निळा रंग टोचून तो नोड शोधून दाखवला. पुढच्या दोन वर्षांत स्तनाच्या कॅन्सरमध्ये डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सर्गी द्रव्य वापरून आणि आर्मांडो जुलियानो यांनी निळा रंग वापरून तेच केलं. आज बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र वापरतात. मावशीचंही तसंच झालं.

[०८:२०] प्रत्यक्षात काय करतात

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दोनला मावशीला न्यूक्लिअर मेडिसिन विभागात नेलं. स्तनाग्राच्या भोवतीच्या काळसर भागाजवळ बारीक सुईने एक इंजेक्शन दिलं. त्यात टेक्निशियम-९९एम लावलेले अतिसूक्ष्म कण होते. कण इतके बारीक की लसिकेच्या नळीत शिरतात, पण नोडमध्ये पोचले की तिथल्या पेशी त्यांना धरून ठेवतात. पुढे फारसे जाऊ देत नाहीत. म्हणजे जो नोड पहिला, तो सगळ्यात जास्त "गरम". थोड्या वेळाने कॅमेऱ्यावर काखेत ठिपका दिसला.

मावशीला किरणोत्सर्ग ऐकून भीती वाटली होती. पण डोस अगदी कमी असतो आणि टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. दुपारी दोनला टोचलं, सकाळी आठला ऑपरेशन, म्हणजे अठरा तास. तीनदा निम्मं झालं, उरलं एक अष्टमांश. शोधायला तेवढं पुरतं.

सकाळी भूल दिल्यावर सर्जननी त्याच जागी निळा रंग टोचला आणि पाच मिनिटं हलकं चोळलं. रंगाचं वागणं कणांपेक्षा वेगळं असतं. तो फार वेळ अडकून राहत नाही, पुढच्या नोडकडेही सरकतो. म्हणून त्याच्यासोबत घड्याळ चालू असतं. फार उशीर केला तर पहिला कोण आणि दुसरा कोण हे कळणं अवघड होतं.

मग काखेत तीन-चार सेंटिमीटरचा छेद. हातात गॅमा प्रोब, म्हणजे जाड पेनासारखं यंत्र. ते किरणं मोजतं आणि आवाज करतं. गरम नोडजवळ नेलं की टिक-टिक वाढत जाते. डोळ्यांना निळी नळी दिसते, ती धरून पुढे गेलं की निळा नोड. एक खूण कानाला, एक डोळ्याला.

आता माझ्या आवडीचा भाग. एक नोड मिळाला, पण थांबायचं कधी? यासाठी एक साधा नियम वापरतात, दहा टक्क्यांचा. सगळ्यात गरम नोडचा आकडा घ्यायचा. त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त गरम असलेले सगळे नोड काढायचे. काखेत उरलेला आवाज त्या खाली गेला की थांबायचं.

मावशीच्या ऑपरेशन नोटमध्ये आकडे होते. पहिला नोड २४००, आणि निळा. त्याचे दहा टक्के २४०. दुसरा ६१०, तोही निळा. तिसरा २९०, निळा नव्हता, पण २४० च्या वर म्हणून काढला. त्यानंतर काखेत प्रोब फिरवला तर ७०. थांबा. वीस-तीसमधले फक्त तीन नोड बाहेर आले. साधारण दोन-तीनच निघतात.

पण नोटमध्ये आणखी एक ओळ होती. "बोटाने काख तपासली, कठीण नोड नाही." एवढी यंत्रं असताना बोट कशाला? कारण या पद्धतीची एक मजेशीर चूक आहे. एखादा नोड कॅन्सरने खच्चून भरला असेल तर त्यात पाणीच शिरत नाही. नाका बंद, गाड्या दुसऱ्या रस्त्याने. मग रंग आणि कण दोन्ही त्याला वळसा घालून भलत्याच, स्वच्छ नोडमध्ये जातात. जो सगळ्यात जास्त आजारी, तोच यंत्राला दिसत नाही. म्हणून शेवटी बोटाने चाचपायचं. कडक लागला तर गरम नसला, निळा नसला, तरी काढायचा.

दुसरी गोष्ट, रंगाचे काही उपद्व्याप. ऑपरेशननंतर मावशीने मला फोन केला, "अरे, लघवी हिरवी-निळी झालीये, काय प्रकार आहे?" तो रंगच, एक-दोन दिवसांत जातो. छातीवरचा निळा डाग मात्र काही आठवडे टिकू शकतो. रंग रक्तात गेल्यावर बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही फसतो. ऑक्सिजन व्यवस्थित असताना आकडा खाली दाखवतो, कारण ते यंत्र रक्ताचा रंग बघूनच मोजत असतं. भूलतज्ज्ञांना हे माहीत असतं. काही रंगांची क्वचित तीव्र ॲलर्जीही येते. आणि मिथिलीन ब्लू वापरणार असतील तर डिप्रेशनची गोळी चालू आहे का हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्यातल्या काही गोळ्यांसोबत तो घातक ठरू शकतो. घरात लपवून घेतल्या जाणाऱ्या गोळ्या असतात त्या, म्हणून मुद्दाम सांगतोय.

[१३:४०] पण चुकलं तर?

मी इंजिनियर असल्यामुळे माझा पहिला प्रश्न हाच होता. तीन नोड बघून बाकीचे सोडले आणि त्यातल्या एखाद्यात कॅन्सर राहिला तर?

याचं उत्तर शोधायला अमेरिका आणि कॅनडात एक मोठा अभ्यास झाला, एनएसएबीपी बी-३२. काखेत हाताला काही लागत नाही अशा ५६११ बायका. निम्म्यांची सेंटिनल बायोप्सी करून लगेच काखही साफ केली. उरलेल्यांची फक्त सेंटिनल बायोप्सी केली, आणि त्यात कॅन्सर निघाला तरच काख साफ केली. पहिल्या गटामुळे कळलं की पहारेकरी किती वेळा खोटं बोलतो. कॅन्सर खरोखर नोडमध्ये आहे अशा बायकांपैकी ९.८ टक्के वेळा सेंटिनल नोड मात्र स्वच्छ निघाला.

दहा टक्के चूक म्हणजे खूप वाटते. मलाही वाटली. पण ही टक्केवारी कशाची आहे ते नीट बघा. समजा मावशीसारख्या शंभर बायका आहेत. साधारण सत्तर जणींचे नोड स्वच्छच असतात. तीस जणींच्या नोडमध्ये कॅन्सर असतो. त्या तिसांपैकी सत्तावीस सापडतात, तीन सुटतात. म्हणजे "स्वच्छ" असा रिपोर्ट त्र्याहत्तर जणींना मिळतो आणि त्यातल्या तिघींचा चुकीचा असतो. शंभराला चार. आणि दुसऱ्या बाजूला त्या सत्तर जणी आहेत, ज्यांची पूर्वी आजीसारखी विनाकारण काख साफ झाली असती.

बरं, त्या सुटलेल्या तिघींचं काय? अभ्यासातला खरा चकित करणारा आकडा इथे आहे. सेंटिनल नोड स्वच्छ निघालेल्या जवळपास चार हजार बायकांकडे अनेक वर्षं लक्ष ठेवलं. जवळच्या नोडमध्ये कॅन्सर परत आला तो काख साफ केलेल्या गटात ०.४ टक्के आणि न केलेल्या गटात ०.७ टक्के बायकांना. दोन्ही एक टक्क्याच्या खाली. किती जणी जगल्या यातही फरक नाही.

म्हणजे गणिताने जेवढे कॅन्सर मागे राहिले असायला हवे होते, तेवढे वर आलेच नाहीत. का? कारण ऑपरेशननंतर हार्मोनच्या गोळ्या असतात, काहींना किमो असते, स्तनावर रेडिएशन असतं आणि त्या किरणांचा थोडा भाग काखेच्या खालच्या भागावरही पडतो. सर्जनच्या हातून सुटलेल्या बारीकसारीक पेशी बहुतेक वेळा तिथे मारल्या जातात.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यातलं चित्र बदललं. मी समजत होतो की काख साफ करणं म्हणजे कॅन्सर मुळापासून उपटणं. पण ज्या बायकांच्या काखेत हाताला काही लागत नाही, त्यांच्या बाबतीत ते मुख्यतः तपासणीचं काम होतं. उपचाराचं काम बरंचसं औषधं आणि किरणं करत होती. आणि फक्त तपासायचंच असेल तर तीन नोडात भागतं.

[१७:५०] आणि मग आमचाच रिपोर्ट उलटा आला

ऑपरेशन चालू असतानाच तिन्ही नोड पॅथॉलॉजीत गेले होते. तिथे नोड गोठवून त्याचा पातळ काप करतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात, वीस-तीस मिनिटांत उत्तर. मॅडमनी बाहेर येऊन सांगितलं, "तिन्ही स्वच्छ." आईने तिथेच डोळे पुसले.

आठ दिवसांनी अंतिम रिपोर्ट आला. मोबाइलवर पीडीएफ उघडली आणि पोटात गोळा आला. तीनपैकी एका नोडमध्ये कॅन्सर, अडीच मिलिमीटर.

आम्हाला वाटलं कुणीतरी चूक केली. तसं नव्हतं. फ्रोझनमध्ये नोडचे मोजकेच काप बघता येतात, आणि गोठवल्यामुळे पेशी थोड्या बिघडतातही. अंतिम तपासणीत नोड मेणात बसवून, जास्त काप घेऊन, निवांत बघतात. लहान ठिपका पहिल्या कापात न येणं हे होतंच. म्हणून "फ्रोझन स्वच्छ" याला अंतिम निकाल समजू नये. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र जरा बरी गेली असती.

या ठिपक्यांचं मापही ठरलेलं आहे. ०.२ मिलिमीटरपर्यंत असेल तर सुट्या पेशी, ०.२ ते २ म्हणजे सूक्ष्म, आणि २ च्या वर म्हणजे मोठा. मावशीचा अडीच, म्हणजे मोठ्यात.

मावशी त्या रात्री गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आता काख साफ करणार. आईसारखी बाही शिवायची आता स्वतःची."

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट टेबलवर ठेवला आणि म्हणाल्या, "ताई, काख साफ करायची नाहीये." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

त्यांनी सांगितला तो अभ्यास म्हणजे झेड-००११, परत जुलियानो यांचाच. यात सेंटिनल नोडमध्ये कॅन्सर *सापडलेल्या* बायका घेतल्या. अटी अशा की गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, एक किंवा दोनच सेंटिनल नोड बाधित, स्तन न काढता फक्त गाठ काढलेली, आणि नंतर पूर्ण स्तनाला रेडिएशन. निम्म्यांची काख साफ केली, निम्म्यांची तशीच ठेवली.

काख साफ केलेल्या गटात २७ टक्के बायकांना आणखीही बाधित नोड निघाले. म्हणजे न केलेल्या गटातही साधारण तेवढ्याच जणींच्या काखेत कॅन्सर मागे राहिला असणार. आणि दहा वर्षांनी जिवंत किती? काख साफ केलेल्या ८३.६ टक्के, न केलेल्या ८६.३ टक्के. न केलेल्या गटाचा आकडा जरा वर दिसतो, पण त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की साफ न केल्याने जीव जास्त धोक्यात आला नाही.

मावशी या सगळ्या अटींत बसत होती. १.८ सेंटिमीटर गाठ, तीनपैकी एक नोड, स्तन राखलेला, रेडिएशन ठरलेलं. म्हणून दुसरं ऑपरेशन नाही.

[२२:१५] हे सगळ्यांना लागू नाही

इथे मी ब्रेक लावतो, नाहीतर उद्या कुणीतरी मेसेज करेल की "दादा, डॉक्टर काख साफ करा म्हणतायत, करू का नको?" तुमच्या डॉक्टरांचं ऐका. काख साफ करणं आजही लागतं. नोड आधीच हाताला लागत असतील आणि सुईच्या तपासणीत त्यात कॅन्सर असेल, स्तन लाल होऊन सुजणारा इन्फ्लमेटरी प्रकार असेल, किंवा बरेच नोड बाधित असतील, तर गोष्ट वेगळी असते.

ऑपरेशनच्या आधी किमो देऊन बाधित नोड बरे झाले असतील तर सेंटिनल बायोप्सी करता येते, पण जास्त काळजीने. कारण किमोने काही नळ्या बंद झालेल्या असू शकतात आणि पहारेकरी चुकायची शक्यता वाढते. म्हणून तिथे रंग आणि कण दोन्ही वापरतात, निदान तीन नोड शोधतात, आणि आधी बाधित असलेल्या नोडमध्ये छोटी क्लिप ठेवून तोच बाहेर आला का हे बघतात.

झेड-००११ मध्ये स्तन काढलेल्या बायका नव्हत्या, आणि ठरवल्यापेक्षा कमी बायका मिळाल्यामुळे तो अभ्यास लवकर थांबला होता. त्यावर टीकाही झाली. पुढे युरोपात सेनोमॅक नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात स्तन काढलेल्या बायकाही होत्या. २०२४ मध्ये त्याचे निकाल आले, तेही त्याच दिशेचे. त्यात बहुतेक बायकांना नोडच्या भागावर रेडिएशन दिलं होतं, हे लक्षात ठेवायचं.

आणि "आमच्या गावाजवळ गॅमा प्रोबच नाही" असं असेल तर? यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या सर्जननी एक वाट तपासून बघितली. काखेत एक मज्जातंतू आडवा जातो, दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना देणारा. त्या खालची चरबी आणि त्यातले नोड तेवढे काढायचे. याला लो ॲक्झिलरी सॅम्पलिंग म्हणतात. पहिले नोड बहुतेक वेळा याच खालच्या पट्ट्यात असतात, म्हणून हे जमतं. किरणोत्सर्गी द्रव्य नको, प्रोब नको. त्याच बायकांमध्ये दोन्ही पद्धती करून त्यांनी तुलना केली आणि २०१३ मध्ये छापलं, अचूकता सेंटिनल बायोप्सीच्या तोडीची. डॉक्टर "सॅम्पलिंग करू" म्हणाले तर ते हे.

[२५:४०] डॉक्टरांना काय विचारायचं

तीनच प्रश्न. पहिला, "काखेची सोनोग्राफी झाली का, आणि संशयित नोडची सुईने तपासणी केली का?" कारण रस्ता तिथे ठरतो. दुसरा, "सेंटिनल बायोप्सी किंवा सॅम्पलिंग होऊ शकतं का, आणि नसेल तर कारण काय?" कारण आजाराचं असेल तर ठीक. इथे सोय नाही एवढंच असेल, तर जिथे आहे तिथे जायला वेळ आहे का ते विचारा. तिसरा, "नोडमध्ये कॅन्सर निघाला तर पुढे काय?" हा ऑपरेशनच्या *आधी* विचारा. आम्ही नंतर विचारला आणि एक रात्र फुकट रडलो.

सेंटिनल बायोप्सीतही हात सुजायचा धोका शून्य नाही. साधारण वीसपैकी एकीला होतो. मावशीला दंडाच्या आतल्या बाजूला अजून थोडा बधिरपणा आहे, म्हणजे तो मज्जातंतू थोडा दुखावला असणार. रेडिएशन झालं, गोळ्या चालू आहेत. ती स्वतःच दर महिन्याला शिवणाच्या टेपने दोन्ही दंड मोजते आणि वहीत लिहिते. आतापर्यंत दोन्ही सारखे आहेत. "बाही एकाच मापाची कापतेय अजून," म्हणाली परवा, आणि मशीन चालू केलं.

चला, आज इथेच थांबतो. घरी कुणाची अशी तपासणी चालू असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. काही चुकलं असेल आणि तुम्ही या क्षेत्रातले असाल तर जरूर कळवा, पुढच्या भागात दुरुस्त करून सांगेन. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!